‘मी टॉर्च आणते’ हे इंग्रजीत कसं सांगायचं? विल, गोइंग टू आणि चालू वर्तमानकाळाचा घोळ

सायली_दारव्हा | शुक्रवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात वाचनालयाच्या खोलीत मी संध्याकाळी ७ ते ८ मुलींना इंग्रजी बोलायला शिकवते. १४ जणी आहेत, बहुतेक अकरावी-बारावीच्या. आज मुलाखतीचा सराव होता. मी नागपूरची बाई झाले आणि एकेकीला प्रश्न विचारत होते.

पहिलीला विचारलं, ‘व्हॉट आर यू डूइंग ऑन संडे?’ ती म्हणाली, ‘आय विल गो टू यवतमाळ. माय ब्रदर्स एंगेजमेंट.’ साखरपुडा महिन्यापूर्वी ठरलाय, गाडी सांगून ठेवलीय. वाक्य कानाला खटकलं, पण का खटकलं ते मला मुलींना सांगता येईना.

तेवढ्यात लाइट गेली. दारापाशी बसलेली मुलगी उठली, ‘थांबा मॅडम, मी टॉर्च आणते’ म्हणाली, आणि लगेच आठवण होऊन इंग्रजीत म्हणाली, ‘आय ब्रिंग टॉर्च.’ दुसरीनं तिला सुधारलं, ‘आय अ‍ॅम ब्रिंगिंग म्हण.’ मी म्हटलं, दोन्ही नाही, पण कारण विचारलं तेव्हा पुन्हा अडकले. बाहेर वारा सुटला होता, काळं भरून आलं होतं. तिसरी खिडकीतून बघून म्हणाली, ‘इट विल रेन.’

माझ्याकडच्या गाइडमध्ये ‘मी जाईन’ आणि ‘मी जाणार आहे’ या दोन्हींसमोर शॅल आणि विल एवढंच आहे. गोइंग टू शेवटच्या पानावर तीन ओळींत उरकलंय. मला नियमांची यादी नको. मुलीनं तोंड उघडायच्या आधी मनाशी काय विचारायचं, ते हवंय.

---

अकोला_क्लासेस | शुक्रवार, रात्री १०:०५

मॅडम, सोपं आहे. जवळचा भविष्यकाळ असेल तर गोइंग टू, लांबचा असेल तर विल. उद्या-परवाचं गोइंग टू, पुढच्या वर्षीचं विल. चालू वर्तमानकाळ तर अगदी आत्ता होणाऱ्या गोष्टीला. मी ८ वर्षं असंच शिकवतो, मुलांना पटकन समजतं.

---

सायली_दारव्हा | शुक्रवार, रात्री १०:१२

सर, मग टॉर्चचं काय? टॉर्च तर दोन मिनिटांत आणायची होती, इतकं जवळचं दुसरं काय असणार? तरी तिथे ‘आय’ल गेट अ टॉर्च’ असंच म्हणतात, हे मला नक्की माहीत आहे. आणि रविवार तर परवावरच आलाय.

---

मास्तर_पुसद | शनिवार, सकाळी ६:२०

सायली, तुझ्या प्रश्नातच उत्तर दडलंय. मी ३१ वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं. त्यातली पहिली काही वर्षं मीही अकोल्याच्या सरांसारखंच जवळ-लांब सांगत होतो. त्या नियमानं बरीच वाक्यं बरोबर येतात, कारण जवळच्या गोष्टी बहुतेक आपण आधी ठरवलेल्या असतात. म्हणजे नियम बरोबर उत्तर देतो, पण कारण वेगळंच असतं. ‘पाच वर्षांनी मी विहिरीला पाइपलाइन करणार आहे’ असं मनाशी पक्कं असेल तर पाच वर्षं लांब असूनही गोइंग टू. आणि फोन वाजला, ‘मी घेतो’ म्हटलं, तर काम दोन सेकंदांवर असूनही विल.

घड्याळ किंवा कॅलेंडर बघायचं नाही. मुलीनं मनाशी विचारायचं, ‘हे ठरलं कधी?’

लाइट गेली. त्याआधी टॉर्चचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. अंधार झाला, मुलगी उठली आणि बोलता बोलताच ठरलं. ठरणं आणि बोलणं एकाच श्वासात आलं की इंग्रजीत विल. ‘आय’ल गेट अ टॉर्च.’

आता समज, लाइट रोज साडेसातला जाते म्हणून ती घरून निघतानाच ठरवून आली होती, की आज वाचनालयाच्या कपाटातली टॉर्च काढून ठेवायची. तू विचारलंस, ‘कपाटाकडे कुठे चाललीस?’ आता ती म्हणेल, ‘आय अ‍ॅम गोइंग टू गेट द टॉर्च.’ ठरवणं मागे होऊन गेलं, आता फक्त सांगणं आहे.

तिसरं, साखरपुडा. तो मुलीच्या एकटीच्या डोक्यात नाही. दोन घरांनी तारीख धरलीय, गाडीवाल्याला सांगितलंय, पाहुण्यांना फोन गेलेत. ठरलेली गोष्ट अशी दुसऱ्या माणसांत, वेळेत, जागेत बांधली गेली की चालू वर्तमानकाळ. ‘आय अ‍ॅम गोइंग टू यवतमाळ ऑन संडे. इट्स माय ब्रदर्स एंगेजमेंट.’ तिनं विल वापरलं तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, की प्रश्न विचारला म्हणून हिनं आत्ताच ठरवलं. तुझ्या कानाला खटकलं ते हेच.

आणि ‘आय ब्रिंग टॉर्च’ कुठून आलं ते बघ. मराठीत झटक्यात ठरवलेल्या कामाला आपण साधा वर्तमानकाळ वापरतो. ‘थांब, मी आणतो.’ ‘राहू दे, मी देतो पैसे.’ ‘बस, मी बघतो.’ इथे ‘मी आणीन’ कुणी म्हणत नाही. मुलगी मराठीशी इमानी राहिली आणि म्हणून चुकली. हा ‘आणतो, देतो, बघतो’ जिथे तोंडात येतो आणि काम अजून व्हायचं असतं, तिथे थांबून विल लावायचं, एवढं मुलींना सांग. गाइडमध्ये हे सापडणार नाही, कारण तिथे ‘मी आणतो’ फक्त वर्तमानकाळाच्या तक्त्यात बसवलेलं असतं.

---

संत्रा_वरूड | शनिवार, सकाळी ७:०२

रामराम. मले एक सांगा. आमचा अंबिया बहाराचा माल हाय. दिल्लीच्या व्यापाऱ्याले इंग्रजीत मेसेज टाकला, ‘आय विल सेंड ट्रक ऑन थर्सडे.’ ट्रक ठरला होता, ड्रायव्हरले अ‍ॅडव्हान्स देला होता. बुधवारी त्याचा फोन, ‘भेजोगे क्या, पक्का बताओ.’ तिकडं त्यानं हमालच लावले नव्हते. म्हंजे माह्या इंग्रजीमुळं झालं का हे? मेसेज कसा लिहायचा, ते सांगा. मोबाइलवर बोलून लिवतो मी, चुका होतात.

---

मास्तर_पुसद | शनिवार, सकाळी ७:३०

काका, धागा मुलींच्या बोलण्याबद्दल आहे, पण तुमचं उदाहरण फार कामाचं आहे. ट्रक ठरला, अ‍ॅडव्हान्स दिला, म्हणजे साखरपुड्यासारखंच. ‘आय अ‍ॅम सेंडिंग द ट्रक ऑन थर्सडे.’ यातून वाचणाऱ्याला कळतं की व्यवस्था झालीय. ‘आय विल सेंड’ हे वचन आहे, किंवा तयारी दाखवणं. मनात शंका असलेला माणूस अशा वाक्यावर एकदा फोन करून खात्री करतो.

तरी सगळा दोष व्याकरणावर टाकू नका. तुमचा व्यापारीही घरी हिंदीच बोलत असेल. दोन भारतीय माणसं इंग्रजीत लिहितात तेव्हा विल आणि चालू वर्तमानकाळातला हा बारीक फरक दोघांच्याही कानात असेलच असं नाही. मेसेजमध्ये ट्रकचा नंबर, भरायची वेळ आणि पोचायचा अंदाज लिहा. ते लिहिलंत तर विल असलं तरी तो हमाल लावेल.

---

संत्रा_वरूड | शनिवार, सकाळी ७:४१

हाव, नंबर टाकतो आता. ‘आय अ‍ॅम सेंडिंग’ पण लिवून ठेवलं.

---

उमरखेडची_नर्स | शनिवार, दुपारी १:१५

सायली, मी उमरखेडची, आता आयर्लंडमध्ये नर्स आहे. मास्तरांचं वाचून अंगावर काटा आला, कारण याच गोष्टीवरून मला पहिल्या महिन्यात बोलणी बसली होती.

वॉर्डात सकाळची धावपळ. सीनियर नर्स म्हणाली, ‘बेड सिक्सला पाणी नाहीये, कुणी नेईल का?’ मी समोरच होते. विल म्हणजे शाळकरी, गोइंग टू म्हणजे जरा चांगलं इंग्रजी, असं माझ्या डोक्यात होतं. म्हणून मी म्हटलं, ‘आय अ‍ॅम गोइंग टू टेक इट.’ तिनं भुवया उंचावल्या. तिला ऐकू आलं ते असं, ‘मी नेणारच होते, तुम्ही सांगायची गरज नव्हती.’ ती म्हणाली, तुला माहीत होतं तर मग तो पेशंट इतका वेळ कोरड्या जगसमोर का बसलाय? मला खरं तर म्हणायचं होतं, ‘मी नेते.’ म्हणजे ‘आय’ल टेक इट.’ इतकंच. माझ्या मल्याळी मैत्रिणीनं चहाच्या वेळी हे उलगडून सांगितलं, तोवर मला कळतच नव्हतं की मी काय गुन्हा केला.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. कुणी काम सांगितलं, अडचण सांगितली, मदत मागितली, की तोंडातून पहिलं ‘आय’ल’. ‘आय’ल डू इट’, ‘आय’ल चेक’, ‘आय’ल कॉल द डॉक्टर.’

उलट पेशंटच्या अंगाला हात लावायच्या आधी इथे सगळ्या नर्स म्हणतात, ‘आय अ‍ॅम जस्ट गोइंग टू चेक युवर ब्लड प्रेशर.’ मशीन घेऊन मी त्याच कामासाठी आलेय, ते आधीच ठरलंय, आता फक्त त्याला सांगतेय. आणि पाळी बदलताना पुढच्या नर्सला सांगायचं, ‘शी इज हॅविंग अ स्कॅन अ‍ॅट टेन.’ स्कॅनच्या विभागात वेळ घेतलीय, तिला न्यायला माणूस येणारय. इथे ‘शी विल हॅव अ स्कॅन’ म्हटलं तर लगेच प्रश्न येतो, ‘वेळ मिळालीय का?’

---

अकोला_क्लासेस | शनिवार, दुपारी २:३०

ताई, तुमचा अनुभव पटला. जवळ-लांबचा माझा नियम यापुढे शिकवणार नाही. पण एक शंका राहते. ‘आय अ‍ॅम गोइंग टू मीट द डॉक्टर टुमारो’ आणि ‘आय अ‍ॅम मीटिंग द डॉक्टर टुमारो’. परीक्षेत दोन्ही पर्याय आले तर मुलानं कोणता निवडायचा?

---

मास्तर_पुसद | शनिवार, संध्याकाळी ५:००

नंबर लागला असेल, वेळ मिळाली असेल तर ‘मीटिंग’ जास्त बसतं. पण ‘गोइंग टू मीट’ चूक नाही. ठरलेल्या भेटीगाठी, प्रवास, कार्यक्रम यांच्याबाबतीत या दोघांचा बांध एकमेकांच्या शेतात घुसलेला आहे, आणि इंग्रजी मातृभाषा असलेली माणसंसुद्धा दोन्ही वापरतात. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यानं असे दोन पर्याय शेजारी ठेवू नयेत. ठेवलेच तर वाक्यात ‘अपॉइंटमेंट’, ‘तिकीट’, ‘साडेदहा वाजता’ असलं काही आहे का, ते बघायचं.

पक्की रेघ दुसरीकडे आहे. जे माणसाच्या हातात नाही, ज्याची कुणाशी ठरवाठरवी होऊच शकत नाही, तिथे चालू वर्तमानकाळ अजिबात चालत नाही. ‘इट इज रेनिंग टुमारो’ होत नाही. पावसाबरोबर कुणी वेळ ठरवलेली नसते.

---

सायली_दारव्हा | शनिवार, रात्री ८:५०

आज वर्ग घेऊन आलेय. ‘हे ठरलं कधी’ हा प्रश्न फळ्यावर लिहिला. आणि एक गोष्ट सापडली, ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

साखरपुड्याच्या मुलीला म्हटलं, इंग्रजी सोड, घरी बोलतेस तसं सांग. तर ती म्हणाली, ‘रविवारी भावाच्या साखरपुड्याले यवतमाळले जाऊन राहिलो आम्ही.’ जाऊन राहिलो! हा तर आपला वऱ्हाडी चालू वर्तमानकाळ, आणि तो तिनं रविवारच्या ठरलेल्या गोष्टीला आपोआप वापरला. पुस्तकी मराठीत तिनं ‘आम्ही जाणार आहोत’ म्हटलं असतं आणि तिथून गाइडचं विल आलं असतं. घरच्या बोलीतून गेली तर थेट ‘वुई आर गोइंग’ येतं. ज्या बोलीसाठी मुलींना शाळेत टोकतात, तीच इथे बरोबर वाट दाखवतेय.

मग बाकीच्यांना विचारत गेले. ‘उद्या मामा येऊन राहिला.’ ‘सोमवारी आम्ही कापूस विकून राहिलो.’ फक्त एक अडचण आली. एका मुलीनं लिहिलं, ‘वुई आर गोइंग टू गो टू यवतमाळ’, आणि तिला दोनदा ‘गो’ आलं म्हणून चूक वाटलं. ते चूक नाही ना? नुसतं ‘वुई आर गोइंग टू यवतमाळ’ पुरतं, असं मी सांगितलंय.

---

भाषा_नागपूर | शनिवार, रात्री १०:२०

चूक नाही. ‘गोइंग टू’ मधलं जाणं आता पायांचं राहिलेलं नाही. मुळात ते खरोखरचं जाणं होतं. एखादं काम करायला माणूस निघाला, म्हणजे ते काम पुढे होणार, असा अर्थ त्याला चिकटला आणि काही शतकांत चालणं गळून फक्त ‘होणार’ उरलं. म्हणून झाडालासुद्धा ‘इट इज गोइंग टू फॉल’ म्हणता येतं. झाड कुठे चालत जात नाही. पण ‘गोइंग टू गो’ जड वाटतं म्हणून बोलताना बहुतेक लोक टाळतात.

वऱ्हाडीचं निरीक्षण छान आहे, पण त्यावर सगळा भार टाकू नका. ‘येऊन राहिला’ पुढच्या दिवसासाठी सगळीकडे सारखं वापरत नाहीत. माझ्या आईच्या गावी, भंडाऱ्याकडे, मी ते बहुतेक आत्ता चाललेल्या गोष्टीसाठीच ऐकलंय. तुमच्या मुलींना लागू पडतंय तर वापरा, दुसऱ्या वर्गात आधी विचारून बघा.

आणि मास्तर, तुमच्या ‘ठरलं कधी’ला एक मोठी फट आहे. ‘द मिनिस्टर विल अराइव्ह अ‍ॅट इलेव्हन.’ ‘द मीटिंग विल बी हेल्ड इन द ग्रामपंचायत हॉल.’ हे सगळं आठवडाभर आधी ठरलेलं, दुसऱ्यांशी बांधलेलं, तरीही विल. लग्नपत्रिका, सूचना, बातम्या, कार्यक्रमपत्रिका यांत विल भरलेलं असतं. मुली सूचनाफलक वाचतील आणि विचारतील, की मॅडम, हे तर आधीच ठरलं होतं.

---

मास्तर_पुसद | रविवार, सकाळी ६:४५

मान्य. ही फट खरी आहे. माझा प्रश्न माणूस माणसाशी तोंडानं बोलतो तेव्हाचा आहे, तेही स्वतःच्या बेताबद्दल. सूचना लिहिणारा स्वतःचा बेत सांगत नसतो, तो अधिकृतपणे जाहीर करतो, आणि जाहीर करायला इंग्रजीनं विलच ठेवलंय. सायली, सूचनालेखन वेगळ्या दिवशी शिकव, याच्यात मिसळू नकोस.

गाइडमधल्या ‘आय शॅल’बद्दलही सांगतो, कारण मुली विचारतीलच. आय आणि वुई बरोबर शॅल, बाकीच्यांबरोबर विल, हा तक्ता जॉन वॉलिस नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला. पुढच्या व्याकरणकारांनी तो उचलला आणि फिरत फिरत तो आपल्या गाइडपर्यंत आला. आज बोलण्यात ‘शॅल आय ओपन द विंडो?’ असं विचारण्यापुरतं शॅल शिकवलंस तरी पुष्कळ.

---

संत्रा_वरूड | रविवार, सकाळी ८:१०

मास्तर, पुन्हा एक. पोरगा पुण्याले हाय, इंजिनीअरिंगले. त्याले कंपनीच्या कस्टमर केअरले मेल लिवाले लावला. बोअरची मोटर सुरूच होत नव्हती. त्यानं लिवलं, ‘द मोटर वोन्ट स्टार्ट.’ मी म्हटलं, अरे, वोन्ट म्हंजे विल नॉट, म्हंजे ‘सुरू होणार नाही’. ते तर आत्ता बंद पडली हाय. तो म्हणते बरोबर हाय. कोण बरोबर?

---

भाषा_नागपूर | रविवार, सकाळी ९:००

तुमचा मुलगा बरोबर आहे, काका. विलचा सगळ्यात जुना अर्थ भविष्य नाही. तो ‘इच्छा असणं, राजी असणं’ असा होता. तो अर्थ आजही आत जिवंत आहे. ‘द मोटर वोन्ट स्टार्ट’ म्हणजे मी बटण दाबतोय, पुन्हा दाबतोय, आणि मोटर ऐकतच नाही. आपणही म्हणतोच ना, ‘मोटर उठायलाच तयार नाही’. मुलगा औषध घेत नसेल तर ‘ही वोन्ट टेक द मेडिसिन’. त्यात उद्याचं काही नाही.

टॉर्चवालं विलही याच अर्थाच्या जवळ आहे. ‘आय’ल गेट इट’ म्हणजे मी राजी आहे, माझ्यावर सोपव. उमरखेडच्या ताईंना वॉर्डात जे कमी पडलं ते हेच. तिथे वेळ सांगायची नव्हती, तयारी दाखवायची होती.

---

बारावी_कला | रविवार, दुपारी १२:३०

मी सायलीताईंच्या वर्गात आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. मी लिहिलं, ‘व्हेन आय विल रीच नागपूर, आय विल कॉल यू’. ताईंनी पहिलं विल खोडलं. का? नागपूरला पोचणं पण पुढेच आहे ना?

---

मास्तर_पुसद | रविवार, दुपारी १:००

बेटा, मराठीत बोलून बघ. ‘नागपूरला पोचले की फोन करीन.’ ‘पोचेन की’ म्हणतेस का? पुढचा काळ ‘करीन’नं एकदाच सांगितला. इंग्रजीतही व्हेन, इफ, अनटिल यांच्या बाजूचं वाक्य साधं राहतं आणि विल दुसऱ्या बाजूला एकदाच येतं. ‘व्हेन आय रीच नागपूर, आय’ल कॉल यू.’

---

अकोला_क्लासेस | रविवार, दुपारी ३:१०

पावसाचं राहिलंच. मॅडमच्या तिसऱ्या मुलीचं ‘इट विल रेन’ चूक की बरोबर? माझ्या मते चूक, कारण ढग डोळ्यांसमोर होते. समोर पुरावा असेल तर गोइंग टूच हवं.

---

भाषा_नागपूर | रविवार, दुपारी ४:००

चूक म्हणणं जास्त होईल. खिडकीतून काळं आभाळ दिसतंय, वारा सुटलाय, अशा वेळी ‘इट्स गोइंग टू रेन’ जास्त नैसर्गिक, हे खरं. पावसाची सुरुवात आत्ताच डोळ्यांना दिसतेय. पण हवामानाच्या अंदाजात, रेडिओवर ‘इट विल रेन इन द नॉर्थ’ सर्रास ऐकू येतं. ‘आय थिंक इट’ल रेन’ हे आपलं मत म्हणून सांगितलं तर कुणी दुरुस्त करणार नाही. अंदाजाच्या बाबतीत दोघांमध्ये भिंत नाही, झुकाव आहे.

---

अकोला_क्लासेस | रविवार, दुपारी ४:२२

हे मला पूर्ण पटलेलं नाही. मुलांना ‘झुकाव’ शिकवता येत नाही. मी ढग दिसले की गोइंग टू, हेच सांगत राहीन.

---

सायली_दारव्हा | मंगळवार, रात्री ९:१५

दोन वर्ग झाले. काय घडलं ते सविस्तर लिहिते.

सोमवारी मी मुद्दाम एकेक अडचण उभी केली. खडू संपला म्हटलं, खिडकी आपटतेय म्हटलं, माझ्या हातातल्या वह्या खाली पडू दिल्या. मराठीत आधी ‘मी आणते, मी लावते, मी उचलते’ येऊ द्यायचं आणि त्यावरच ‘आय’ल’ चढवायचं. अर्ध्या तासात ‘आय ब्रिंग’ बंद झालं. नर्सताईंचा बेड सिक्सचा किस्सा सांगितला, तो मुलींना फार लागला. दोघींना नर्सिंगच करायचंय.

पण मग उलटं झालं. ‘आय’ल’ इतकं तोंडात बसलं की सगळीकडे तेच यायला लागलं. ‘व्हॉट आर यू डूइंग टुनाइट?’ विचारलं तर ‘आय’ल स्टडी’. म्हणून आज अडचणी आणि बेत मिसळून विचारले. प्रत्येक उत्तराआधी मुलीनं बोटानं खूण करायची. आत्ता ठरलं तर एक बोट, मनात आधीच आहे तर दोन, दुसऱ्या कुणाशी ठरलंय तर तीन. बोट वर करायला जो क्षण लागतो, तेवढ्यात वाक्य जागेवर यायचं. तरी ५ जणींचे दोन आणि तीन अजून अदलाबदल होतात. मास्तर म्हणाले तसं त्यात फारसं नुकसान नाही, म्हणून मी तिथे टोकत नाहीये.

शेवटी विचारलं, ‘व्हॉट आर यू गोइंग टू डू आफ्टर ट्वेल्थ?’ टॉर्च आणणाऱ्या मुलीनं बोट वर केलं, खाली घेतलं, पुन्हा वर केलं. मग मराठीत म्हणाली, ‘मॅडम, नर्सिंग करायचं माझं पक्कं आहे. पण बाबांनी अजून हो म्हटलं नाही. मग किती बोटं?’

मी ‘उद्या सांगते’ म्हणून घरी आले. तुम्ही काय म्हणाल?

---

उमरखेडची_नर्स | मंगळवार, रात्री ९:५०

दोन बोटं. ‘आय अ‍ॅम गोइंग टू डू नर्सिंग.’ गोइंग टूला बाबांचा होकार लागत नाही, तिचं स्वतःचं ठरलेलं असलं की पुरतं. तीन बोटं अ‍ॅडमिशन झाल्यावर, ‘आय अ‍ॅम स्टार्टिंग इन ऑगस्ट’ किंवा ज्या महिन्यात कॉलेज सुरू होईल तो महिना घालून. माझा नंबर पाठवलाय तुला. तिच्या बाबांना बोलायचं असेल तर रविवारी माझी सुट्टी असते.

---

मास्तर_पुसद | बुधवार, सकाळी ६:१०

दोन बोटं. आणि तिला ‘आय थिंक आय’ल डू नर्सिंग’ शिकवू नकोस. ते अजून न ठरवलेल्या माणसाचं वाक्य आहे.

---

सायली_दारव्हा | बुधवार, रात्री ८:३०

सांगितलं. तिनं वहीत लिहून घेतलं आणि वर्ग सुटल्यावर दारातून पुन्हा मागे येऊन विचारलं, की ‘आय अ‍ॅम गोइंग टू’ म्हणताना जोर कुठल्या शब्दावर द्यायचा. नर्सताई, तिचे बाबा रविवारी दुपारी फोनवर बोलायला तयार आहेत.